विम्बल्डनचे गवत कोठे झिजते?

विम्बल्डनच्या सेंटर कोर्टाची जुनी छायाचित्रे पाहिली, तर स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी गवत दोन ठिकाणी उडालेले दिसते: बेसलाइनवर आणि तिथून जाळीकडे जाणाऱ्या वाटेवर. सर्व्हिस करून खेळाडू पुढे धावत, म्हणून ती वाट. अलीकडच्या छायाचित्रांत ती हिरवीगार असते आणि माती उघडी पडते ती फक्त बेसलाइनला. या खेळाचा पाव शतकाचा इतिहास त्या झिजेत वाचता येतो.

चेंडू जमिनीला टेकतो तेव्हा दोन गोष्टी ठरतात. घर्षणाने त्याचा पुढचा वेग किती घटतो आणि तो किती उंच उसळतो. पॅरिसच्या लाल कोर्टावर विटेच्या भुकटीचा जेमतेम दोन मिलिमीटरचा थर असतो, खाली चुनखडी. भुकटी चेंडूला अडवते. तो मंदावतो आणि खांद्यापर्यंत उसळतो. गवताची पाती निसरडी, खालची माती ओलसर आणि मऊ; चेंडू घसरत नडगीपाशी येतो. शिवाय झिजलेल्या गवतावर टप्पा कसा पडेल याचा भरवसा नाही. मग तो टप्पा पडूच न देता हवेतच मारावा, हा सर्व्ह-अँड-व्हॉलीमागचा साधा हिशेब होता. हार्ड कोर्टची गोष्ट वेगळी. तिथे ॲक्रिलिक रंगात वाळू किती आणि कशी मिसळायची यावर वेग ठरवता येतो.

१९७४ पर्यंत चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा गवतावर होत. अमेरिकन स्पर्धा १९७५ मध्ये हिरवट क्लेवर आणि १९७८ मध्ये हार्ड कोर्टवर गेली. जिमी कॉनर्सने ती तिन्ही पृष्ठभागांवर जिंकली. ऑस्ट्रेलियानेही १९८८ मध्ये गवत सोडले. उरले विम्बल्डन.

तिथे २००१ पर्यंत सत्तर टक्के राय आणि तीस टक्के फेस्क्यू असे मिश्र गवत असे. त्या वर्षी शंभर टक्के बारमाही राय आले. हेतू टिकाऊपणाचा होता. खेळ संथ करण्यासाठी हे केले नाही, असे मुख्य माळी एडी सीवर्ड सांगत. पण काटक गवताखालची माती अधिक कोरडी आणि टणक राखता आली आणि टप्पा उंच, भरवशाचा झाला. २००१ चा अंतिम सामना इव्हानिसेविच आणि राफ्टर या जाळीवर धावणाऱ्यांचा होता. पुढच्याच वर्षीचा ह्युइट आणि नालबांदियान या बेसलाइनवाल्यांचा.

सगळा दोष (दोष म्हणायचा तर!) गवताचा नाही. त्याच सुमारास आलेल्या पॉलिस्टरच्या तारांनी चेंडूला जबर फिरकी मिळू लागली आणि पुढे आलेल्याच्या पायाशी फटका उतरवणे सोपे झाले. तरी बोर्गचे उदाहरण मला बोलके वाटते. १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षे त्याने पॅरिस आणि विम्बल्डन दोन्ही जिंकले, पण लंडनला येताच तो सर्व्हिसमागे जाळीवर धावू लागे. एकाच वर्षी ही जोडी साधणारा पुढचा पुरुष खेळाडू नदाल, २००८ साली. त्याने टप्पा लवकर घ्यायला आणि फटका आखूड करायला शिकून घेतले. बेसलाइन मात्र त्याला सोडावी लागली नाही.