कॉल लागत नाही, मेसेज मात्र पोचतो: ११ जुलै २००६ ची संध्याकाळ आणि एसएमएसची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना जे निसटलं होतं, तेही इथे टाकलंय.

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी ६:२४ ते ६:३५ या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये सात बॉम्बस्फोट झाले. मी तेव्हा शाळेत होतो. बाबा लोअर परळला नोकरीला होते आणि त्यांची घरी यायची वेळ साधारण हीच. आईनं फोन लावायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, वीस वेळा. प्रत्येक वेळी ‘नेटवर्क बिझी’. शेजारच्या काकूंचीही तीच गत. टीव्हीवर खालच्या पट्टीत लोकांचे निरोप सरकत होते, कारण मुंबईभर फोन लागतच नव्हते.

आठच्या सुमारास आईचा फोन किंचित थरथरला. मेसेज होता: `Mi thik aahe. Chalat yetoy.` त्यावर वेळ दिसत होती ७:१२. म्हणजे मेसेज पाऊण तास कुठेतरी थांबून मग आमच्याकडे आला होता.

पुढे इंजिनिअरिंगला टेलिकॉमचा एक पेपर होता. तो शिकताना मला हा पाऊण तास आठवला. दोन प्रश्न पडले. कॉल एकही लागला नाही, मग मेसेज कसा आला? आणि मधला पाऊण तास तो होता कुठे?

उत्तरासाठी थोडं मागे, १९८५ सालच्या जर्मनीत जाऊ.

युरोपातले इंजिनिअर तेव्हा जीएसएम या नव्या मोबाइल पद्धतीची आखणी करत होते. त्यांच्यापैकी एक होते फ्रीडहेल्म हिलेब्रांट. प्रत्येक मोबाइल नेटवर्कमध्ये आवाजाच्या वाटेशिवाय एक वेगळी अरुंद वाट असतेच. तुमचा फोन कुठल्या टॉवरखाली आहे, तुम्हाला कॉल येतोय, रिंग वाजव, असे निरोप टॉवर आणि फोन तिच्यावरून एकमेकांना देतात. तिला म्हणतात सिग्नलिंग. हिलेब्रांट आणि त्यांचे फ्रेंच सहकारी बर्नार गिलबेर यांचं म्हणणं साधं होतं: ही वाट बराच वेळ रिकामी असते, तर तिच्यावरून छोटे लेखी निरोप का पाठवू नयेत? वेगळं नेटवर्क उभारायलाच नको.

पण वाट अरुंद, म्हणून निरोपही छोटा हवा. किती छोटा? हिलेब्रांट यांनी बॉन शहरातल्या घरी टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं टाइप केली आणि अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६० च्या आत बसली. लोक पोस्टकार्डावर किती लिहितात, तेही त्यांनी पाहिलं. तिथेही बरेच मजकूर १५० च्या आतच होते. १६० अक्षरांची मर्यादा आली ती अशी.

पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला. नील पॅपवर्थ या बावीस वर्षांच्या इंजिनिअरनं इंग्लंडमध्ये व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांना ‘मेरी ख्रिसमस’ असा निरोप पाठवला. तोही कॉम्प्युटरवरून, कारण तेव्हाच्या फोनवर मेसेज टाइप करायची सोयच नव्हती.

आता परत मुंबईत. २००६ मध्ये बहुतेकांकडे हेच जीएसएम, म्हणजे टूजी फोन होते. एक छोटा टॉवर घेऊ आणि गणित करू.

समजा टॉवरकडे दोन फ्रिक्वेन्सी आहेत. जीएसएममध्ये एका फ्रिक्वेन्सीवर आठ जण आळीपाळीनं बोलतात. प्रत्येकाला एक ठरलेला क्षण मिळतो, त्याला टाइमस्लॉट म्हणतात. म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींचे १६ स्लॉट झाले. त्यातला एक जातो टॉवरच्या स्वतःच्या घोषणांना. दुसरा जातो सिग्नलिंगला. उरले १४, ते आवाजासाठी.

कॉल लागला की एक स्लॉट फक्त तुमचा. तुम्ही गप्प राहा, ‘अं… अं…’ करा, फोन ठेवेपर्यंत तो दुसऱ्याला मिळत नाही. चौदा जण बोलत असतील तर पंधराव्याला ‘नेटवर्क बिझी’. त्याला रांगेत उभं करायचीही सहसा सोय नसते. प्रत्येक जण दोन मिनिटं बोलला असं धरलं, तर हा टॉवर मिनिटाला सात कॉल हाताळेल. स्टेशनबाहेर हजारो माणसं उभी असताना फक्त सात!

मेसेजचं तसं नाही. सिग्नलिंगच्या त्या एका स्लॉटचे पुन्हा आठ बारीक भाग पाडलेले असतात. मेसेज पाठवताना फोन त्यातला एक भाग घेतो, चारेक सेकंदांत काम उरकतो आणि सोडून देतो. आठ भाग, प्रत्येकी चार सेकंद, म्हणजे कागदावर मिनिटाला १२० मेसेज. आवाजाला चौदा स्लॉट देऊन सात कॉल आणि सिग्नलिंगच्या एका स्लॉटमधून १२० मेसेज. बाबांचा मेसेज लोअर परळमधून निघू शकला तो यामुळे.

मग पाऊण तास तो कुठे होता? इथे कॉल आणि मेसेज यांच्यातला दुसरा फरक येतो. कॉलसाठी दोन्ही टोकांना एकाच वेळी जागा लागते. बाबांच्या टॉवरवर एक स्लॉट आणि आईच्या टॉवरवर एक स्लॉट, त्याच क्षणी. एकीकडे नाही मिळाला की कॉल गेला. मेसेज दोन टप्प्यांत जातो. आधी फोनपासून कंपनीच्या मेसेज सेंटरपर्यंत. हे सेंटर म्हणजे एक कॉम्प्युटर, जो मेसेज उतरवून घेतो आणि त्यावर वेळेचा शिक्का मारतो. आम्हाला दिसलेली ७:१२ ही वेळ त्या शिक्क्याची होती. मग सेंटर आईच्या फोनला हाक मारतं. त्या टॉवरवर गर्दी असेल, फोन बंद असेल, सिग्नल नसेल, तर सेंटर मेसेज फेकून देत नाही. ठेवून घेतं आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतं. आमच्या भागातही सगळे फोन लावत बसले होते. आठच्या सुमाराला तिथल्या टॉवरवर एक बारीकशी फट सापडली आणि निरोप आत शिरला. अगदी पोस्टकार्डासारखं. दार बंद असलं तर पोस्टमन उद्या परत येतो.

एवढं झालं गर्दीचं. पण गावाकडे, घाटात, बिल्डिंगच्या तळमजल्यावर, जिथे गर्दी नाही पण सिग्नलची जेमतेम एक काडी असते, तिथेही मेसेज जातो आणि कॉल तुटतो. ते का?

फोन तुमच्या आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतो. टूजीमध्ये असा एक तुकडा २६० बिटचा असतो आणि हवेतून जाताना त्याचे ४५६ बिट होतात. वाढलेले बिट चुका दुरुस्त करण्यासाठी असतात. सिग्नलिंगचा तुकडाही ४५६ बिटचाच जातो, पण त्यात मूळ मजकूर फक्त १८४ बिट. म्हणजे तेवढ्याच पाकिटात माल कमी आणि भुसा जास्त, त्यामुळे आदळआपट झाली तरी माल टिकतो. शिवाय मेसेजचा तुकडा खराब पोचला तर टॉवर ‘नीट आला नाही, परत पाठव’ असं सांगू शकतो. आवाजाला ती सोय नाही. एका शब्दाचा तुकडा दोन सेकंदांनी परत पाठवून काय उपयोग? तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. म्हणून कॉलमध्ये आधी ‘हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय’ होतं, आणि खराबी काही सेकंद टिकली की नेटवर्क कॉलच तोडतं. मेसेजला मात्र मधून मधून येणारे थोडेसे चांगले क्षण पुरतात.

पण म्हणून मेसेज पोचणारच असं नाही. त्या संध्याकाळी सगळ्यांचे मेसेज काही वेळेत पोचले नसणार. याचं एक कारण आपण स्वतःच असतो. कॉल लावला की स्लॉट मिळण्याआधी फोनला परवानगी मागावी लागते, आणि ती मागायची वाट कुठली? तीच, सिग्नलिंगची अरुंद वाट. आई वीस वेळा फोन लावत होती, तेव्हा तिचा प्रत्येक प्रयत्न त्याच दारात उभा राहत होता, ज्यातून बाबांचा मेसेज आत यायचा होता. अख्खं शहर रीडायल करतं तेव्हा मेसेजची वाटही बुजते. आणि सिग्नल मुळीच नसेल, ‘नो सर्व्हिस’ दिसत असेल, तर मेसेजही तुमच्या फोनमधून बाहेर पडत नाही.

‘अरे, पण आता फोरजी-फाइव्हजी आहे ना?’ बरोबर. आता आवाजही डेटाच्या तुकड्यांतून जातो. पण मूळ फरक तोच आहे. आवाजाला जागा सलग आणि आत्ताच लागते, तर एसएमएस थोडीशी जागा घेतो, थांबतो, परत प्रयत्न करतो. नवीन पद्धतींमध्येही एसएमएस सिग्नलिंगवरून नेण्याची सोय ठेवलेली आहे.

गोंधळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. व्हॉट्सॲपचा मेसेज म्हणजे एसएमएस नाही. त्याला चालू इंटरनेट लागतं. गर्दीत तुमचा डेटा अडकला की घड्याळाचं चिन्ह दिसतं आणि निरोप तुमच्या मित्राकडे जात नाही. तुमच्या मेसेज ॲपमध्ये आरसीएस चालू असेल तर तिथून पाठवलेला निरोपही डेटावरूनच जातो. अशा वेळी तो साधा एसएमएस म्हणून पाठवावा लागतो. आणखी एक: ‘सेंट’ दिसलं म्हणजे मेसेज सेंटरपर्यंत पोचला, एवढंच. समोरच्या फोनपर्यंत गेला का, हे फक्त डिलिव्हरी रिपोर्टवरून कळतं.

आणि लांबीकडे लक्ष ठेवा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षरं ७ बिटची, म्हणून १६० बसतात. देवनागरीला सहसा १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘स्टेशन’ आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, फोन त्याचे सहा मोजतो. ७० च्या पुढे गेलात की मेसेजचे दोन भाग होतात, दोन्ही पोचावे लागतात, आणि गर्दीत नेमका एक मागे राहतो.

‘मी सुखरूप. दादर स्टेशन. पायी निघालोय.’ हे फोनच्या हिशेबानं ३७ भरतं. एकाच मेसेजात बसतं आणि घरच्यांना हवं ते सगळं त्यात आहे.

त्या रात्री बाबा साडेअकराला घरी पोचले, घामानं भिजलेले. आईनं विचारलं, ‘अहो, फोन का नाही केलात?’ ते म्हणाले, ‘केला ना, लागतच नव्हता. मग मेसेज टाकला आणि फोन खिशात ठेवला.’ त्यांना यातलं तांत्रिक काहीच माहीत नव्हतं. पण करायचं ते त्यांनी बरोबर केलं होतं: एक छोटा निरोप, आणि मग वाट मोकळी सोडणं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरी असा उशिरा पोचलेला एखादा मेसेज असेल, तर नक्की लिहून पाठवा.