किमान विस्तारी वृक्ष
सर्व ठिकाणे जोडणारे, पण कुठेही वेटोळे नसलेले सर्वांत स्वस्त जाळे. ओटाकर बोरुव्का यांनी १९२६ मध्ये मोराव्हियातील वीजजाळ्यासाठी हा प्रश्न सोडवला. इथे दिलेली रीत जोसेफ क्रुस्कल यांची (१९५६): दर पायरीला उरलेल्यांतली सर्वांत स्वस्त जोडणी उचलायची, वेटोळे होत असेल तर सोडायची.

भोर तालुक्यातील पाच गावांच्या नकाशाचा फोटो समोर आहे, असे धरू. केबलचे कल्पित खर्च लाखांत: हिर्डोशी–शिरगाव ३, भोर–आंबवडे ४, निगुडघर–हिर्डोशी ५, निगुडघर–शिरगाव ६, निगुडघर–आंबवडे ७, भोर–निगुडघर ९. पहिल्या तीन जोडण्या सरळ घेता येतात. चौथी घेतली तर निगुडघर, हिर्डोशी आणि शिरगाव यांचे वेटोळे होते, म्हणून ती गळते. पाचवी घेतली की काम संपते: पाच गावे, चार जोडण्या, १९ लाख.

ही हावरी निवड फसत नाही. गावांचे दोन गट पाडले, तर त्यांना जोडणारी सर्वांत स्वस्त केबल एखाद्या किमान वृक्षात असतेच. तिच्याऐवजी महाग केबल घेतली असेल, तर अदलाबदलीने खर्च घटतो.

खरा धोका फोटो वाचण्यात आहे. हस्ताक्षरातला ९ अंधुक फोटोत १ वाटला, तर भोर–निगुडघर आधी निवडली जाते आणि निगुडघर–आंबवडे गळते. कागदावर १३ लाख दिसतात, प्रत्यक्षात २१ लागतात. म्हणून शंकास्पद आकडा दोन्ही किमतींनी तपासावा. वृक्ष बदलला, तरच मूळ नकाशा मागवावा.

स्वस्त जाळ्याची एक मर्यादाही आहे: वेटोळे नसल्याने या वृक्षातली एक केबल तुटली, की जाळ्याचे दोन तुकडे होतात.