बावीस तारखा, बारा क्लब

१८८८ सालच्या मार्च महिन्यात बर्मिंगहॅममधल्या विल्यम मॅकग्रेगर नावाच्या एका कापड दुकानदाराने काही फुटबॉल क्लबांना पत्र पाठवलं. मॅकग्रेगर मूळचा स्कॉटलंडचा आणि अॅस्टन व्हिला क्लबच्या कारभाऱ्यांपैकी एक. पत्रातली सूचना साधी होती. इंग्लंडमधल्या दहा किंवा बारा बड्या क्लबांनी एकत्र यावं आणि दर हंगामात एकमेकांच्या मैदानावर जाऊन सामने खेळावेत, सगळं आधी ठरवून.

आज हे ऐकून ‘यात नवीन ते काय?’ असं वाटेल. पण तेव्हाच्या क्लबांसाठी तो पोटापाण्याचा प्रश्न होता. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये खेळाडूंना पैसे देण्यास अधिकृत परवानगी मिळाली होती. म्हणजे दर आठवड्याला पगार द्यायचा, आणि तो येणार तिकिटांच्या पैशातून. सामने मात्र बेभरवशाचे. एफए कप ही बाद फेरीची स्पर्धा. त्यात हरलात की घरी. बाकीचे सामने मैत्रीपूर्ण. समोरच्या क्लबचा कपचा सामना त्याच शनिवारी आला, की तो आपला सामना रद्द करून मोकळा. मैदान रिकामं, गल्ला रिकामा, पगार मात्र चालू.

मॅकग्रेगरला रद्द न होणारे शनिवार हवे होते. ते मिळवायचे, तर आधी सामने किती होतील हे मोजायला हवं.

हा हिशोब करताना बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. बारा क्लब आहेत. प्रत्येकाला स्वतःला सोडून अकरा प्रतिस्पर्धी. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येक क्लबचे बावीस सामने. आता बारा गुणिले बावीस, २६४ सामने! पण हे उत्तर दुप्पट आहे. व्हिला आणि वुल्व्ह्ज यांचा एक सामना आपण व्हिलाच्या खात्यात मोजला आणि तोच पुन्हा वुल्व्ह्जच्या खात्यातही मोजला. प्रत्येक सामन्याला दोन संघ लागतात, म्हणून २६४ला दोनाने भागायचं. खरे सामने १३२.

हेच दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. प्रत्येक सामन्याला एक यजमान असतो. प्रत्येक क्लब अकरा वेळा यजमान होणार, म्हणून बारा गुणिले अकरा, १३२. इथे काहीच दोनदा मोजलं जात नाही, त्यामुळे भागाकारही नको. एकेरी साखळी असेल, म्हणजे प्रत्येकाशी एकदाच खेळायचं असेल, तर याच्या निम्मे, ६६.

मग एकेरी साखळी का नको? कारण त्यात प्रत्येक क्लबला अकरा सामने येतात आणि अकराचे दोन समान भाग होत नाहीत. कुणाला सहा सामने घरी मिळणार, कुणाला पाचच. ज्यांचा गल्ला घरच्या मैदानावर भरतो, त्यांच्यासाठी हा फरक छोटा नव्हता. दुहेरी साखळीत प्रत्येकाला घरी अकरा, बाहेर अकरा. भांडायला जागाच नाही.

मार्चमध्ये लंडनला आणि एप्रिलमध्ये मँचेस्टरला बैठका झाल्या आणि ‘फुटबॉल लीग’ जन्माला आली. तिथे खरा पेच पुढे आला. कपचे आणि इतर ठरलेले सामने सांभाळून लीगसाठी हंगामात २२ तारखाच काढता येत होत्या. म्हणून गणित उलटं चालवावं लागलं. क्लब किती, तर सामने किती, हा प्रश्न उरलाच नाही. तारखा २२ असतील तर क्लब किती मावतील? दुहेरी साखळीत २२ सामने म्हणजे ११ प्रतिस्पर्धी, आणि आपण स्वतः एक. बारा. बस.

नॉटिंगहॅम फॉरेस्ट, शेफिल्डचा ‘द वेन्सडे’ आणि हॅलिवेल या क्लबांनाही यायचं होतं. त्यांना नकार मिळाला. एक क्लब घेतला असता तर काय बिघडलं असतं? तेरा गुणिले बारा, म्हणजे १५६. एका क्लबासाठी २४ सामने जास्त. शिवाय तेरा ही विषम संख्या. जोड्या लावल्या की दर वेळी एक क्लब बसून राहणार. एका तारखेला जास्तीत जास्त सहा सामने, म्हणजे १५६ सामन्यांना किमान २६ तारखा हव्यात. हातात होत्या २२.

८ सप्टेंबर १८८८ रोजी पहिले पाच सामने झाले. गंमत म्हणजे तेव्हा एका विजयाला किती गुण, हेच ठरलेलं नव्हतं. ते नोव्हेंबरमध्ये ठरलं : विजयाला दोन, बरोबरीला दोघांना एकेक. हंगाम संपला तेव्हा प्रेस्टन नॉर्थ एंड एकही सामना न हरता पहिला आला : १८ विजय, ४ बरोबरी, ४० गुण. दुसऱ्या व्हिलाचे २९, आणि तळाला स्टोकचे १२.

त्या तक्त्यातल्या बाराही क्लबांचे गुण एकत्र करून पाहा. बेरीज येते २६४. मघाशी जे उत्तर चुकीचं ठरलं होतं, तेच! यात योगायोग नाही. प्रत्येक सामन्यातून, निकाल काहीही लागो, दोनच गुण वाटले जात होते. १३२ सामने, २६४ गुण. बेरीज कमी भरली असती, तर कुठलातरी निकाल नोंदवायचा राहिला हे लगेच कळलं असतं. गुण चुकून भलत्याच क्लबाला दिले असते, तर मात्र ही बेरीज गप्प बसली असती. आज विजयाला तीन गुण असल्यामुळे ही युक्ती चालत नाही. पण ‘खेळलेले सामने’ हा रकाना बेरजेला आजही दुप्पटच भरतो, आणि सगळ्यांचे विजय मिळून सगळ्यांच्या पराभवांइतकेच असतात.

फॉरेस्ट आणि वेन्सडे यांना १८९२ मध्ये प्रवेश मिळाला. तोवर क्लब सोळा झाले होते आणि सामने २४०. क्लब एक तृतीयांशाने वाढले, सामने जवळपास दुप्पट झाले. सगळ्यांनाच एका साखळीत ओवत राहिलं तर वर्षाचे शनिवार पुरणार नाहीत, हे उघड होतं. त्याच वर्षी लीगने वेगळा दुसरा विभागही काढला.

हा पेच आपल्याकडेही आला. २००८च्या आयपीएलमध्ये आठ संघ होते, दुहेरी साखळीचे ५६ सामने. २०२२ मध्ये संघ दहा झाले. पूर्ण दुहेरी साखळीला ९० सामने लागले असते. मग प्रत्येक संघाला पाच जणांशी दोनदा आणि चौघांशी एकदाच खेळवलं गेलं. म्हणजे प्रत्येकी १४ सामने. दहा गुणिले चौदा, भागिले दोन : ७०. तारखा वाचल्या, पण ती जुनी समानता गेली. कुणाशी दोनदा आणि कुणाशी एकदाच खेळायचं, हे सगळ्यांसाठी सारखं राहिलं नाही. १८८८ मध्ये तारखा कमी पडल्या तेव्हा क्लब दाराबाहेर राहिले. २०२२ मध्ये सामने बाहेर राहिले.