फ्रीस्टाइल कुस्तीतील गुणांकन

फ्रीस्टाइल कुस्तीतील गुणांकन म्हणजे मॅटवरील ऑलिंपिक कुस्तीच्या या प्रकारात डावांना गुण देण्याची व विजेता ठरवण्याची पद्धत. लढत तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत होते व दोन्ही फेऱ्यांतील गुण एकत्र मोजले जातात. मात्र सहा मिनिटे पूर्ण होण्याआधीही लढत संपू शकते. ती तांत्रिक श्रेष्ठतेने संपते किंवा चितपटीने, आणि या दोहोंतील फरक समजल्याशिवाय गुणफलक नीट वाचता येत नाही.

== गुण कसे मिळतात ==
उभ्या प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्या मागच्या बाजूने ताबा मिळवल्यास दोन गुण मिळतात. त्यासाठी खालच्या मल्लाचे दोन हात व एक गुडघा, किंवा दोन गुडघे व एक हात, असे तीन अवयव मॅटला टेकलेले असावे लागतात. नुसता पट काढून पाय धरून ठेवल्याने गुण मिळत नाही. प्रतिस्पर्ध्याला उभ्या स्थितीतून थेट पाठीवर आणल्यास चार, तर उंच उचलून मोठ्या कमानीत फेकल्यास पाच गुण दिले जातात.

ताब्यानंतर खरी कमाई जमिनीवर होते. खालच्या मल्लाची पाठ मॅटशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करील अशी वळवली, की दोन गुण मिळतात. घोटे एकमेकांत अडकवून प्रतिस्पर्ध्याला सलग लोळवल्यास प्रत्येक लोळणीला हे दोन गुण मिळत जातात. म्हणूनच एका ताब्यातून काही सेकंदांत आठ गुणही होऊ शकतात. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकलल्यास एक गुण मिळतो.

== तांत्रिक श्रेष्ठता ==
गुणांतील फरक दहा झाला की लढत थांबवली जाते. ग्रीको-रोमन प्रकारात ही मर्यादा आठ आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) ५७ किलो गटात भारताच्या रवी कुमार दहिया याने पहिली लढत १३–२ अशी जिंकली. फरक अकरा दिसतो, कारण नऊच्या फरकावर मिळालेले दोन गुण फरक थेट अकरावर नेतात. पुढची लढत त्याने १४–४ अशी, म्हणजे नेमक्या दहाच्या फरकाने जिंकली.

== चितपट ==
प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला टेकवून, पंचाला स्पष्ट दिसेल इतका वेळ दाबून धरले, तर चितपट होते. लोळताना खांद्यांचा क्षणिक स्पर्श पुरेसा नसतो. मॅटवरील पंच दुसऱ्या पंचाची किंवा मॅटप्रमुखाची संमती घेऊन मॅटवर हात आपटतो व शिटी वाजवतो. त्या क्षणी गुणफलक निरर्थक ठरतो.

त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हे दिसले. कझाकस्तानच्या नुरिस्लाम सनायेव्हने घोटे अडकवून रवीला वारंवार लोळवले व ९–२ अशी आघाडी घेतली. फरक सात होता, त्यामुळे लढत सुरूच राहिली. आणखी दोन लोळण्यांनी ती संपली असती. रवीने काही गुण भरून काढले आणि अखेरच्या टप्प्यात, पिछाडीवर असतानाच, सनायेव्हला चीत केले. अंतिम लढतीत मात्र सहाही मिनिटे खेळली गेली, आणि रशियन मल्ल झौर उगुएव्हने ती गुणांवर ७–४ अशी जिंकल्याने रवीला रौप्यपदक मिळाले.