पडद्याखालील ठसा-संवेदक आणि टेम्पर्ड ग्लास

मोबाईलच्या पडद्याखाली बसवलेला बोटाचा ठसा ओळखणारा संवेदक (रोजच्या बोलण्यात ‘इन-डिस्प्ले फिंगरप्रिंट’) टेम्पर्ड ग्लास लावल्यानंतर मंद होणे, वारंवार नकार देणे किंवा पूर्ण बंद पडणे. हा बिघाड बहुतेक वेळा संवेदकाचा नसतो. बोट आणि संवेदक यांच्यामध्ये नव्याने आलेल्या थराचा तो परिणाम असतो, म्हणून फोन दुरुस्तीला टाकण्याआधी हा थर तपासावा.

पडद्याखालून ठसा घेणारा पहिला बाजारी फोन विवोचा, जानेवारी 2018 मधला. त्याचा संवेदक प्रकाशावर चालणारा, म्हणजे ऑप्टिकल होता. बोट टेकताच पडद्याचा तेवढा भाग झळाळून उठतो, उजेड बोटावरून परततो आणि पडद्याच्या ठिपक्यांमधल्या फटींतून खालच्या छोट्या कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. 2019 च्या गॅलेक्सी एस10 मध्ये अल्ट्रासॉनिक संवेदक आला. तो उजेडाऐवजी कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी वर पाठवतो आणि परत येणाऱ्या लहरींवरून ठशाचे उंचवटे व खोबणी ओळखतो. आपल्या फोनमध्ये कोणता आहे हे अंधारात कळते. बोट ठेवताच हिरवट किंवा पांढरा गोल लख्ख पेटला तर ऑप्टिकल. नुसते चिन्ह दिसले आणि उजेडाचा झोत आला नाही तर बहुधा अल्ट्रासॉनिक. कोणती काच चालेल हे यावरच ठरते.

अल्ट्रासॉनिक संवेदकाचे वैर काचेशी नाही, हवेशी आहे. घन पदार्थातून ध्वनिलहर सहज जाते, पण काच संपून हवा लागली की ती जवळजवळ सगळीच तिथून मागे फिरते. ठसा वाचण्याची पद्धतही याच गुणावर उभी आहे: त्वचेचा उंचवटा टेकतो तिथे लहर थोडी शोषली जाते, खोबणीत हवा असते तिथून ती परतते. म्हणून ग्लास आणि पडदा यांच्यामध्ये केसाएवढा हवेचा थर राहिला तरी लहर बोटापर्यंत पोचतच नाही. फक्त कडेला गोंद असलेल्या, मध्ये कोरड्या टेकलेल्या ग्लासमध्ये नेमके हेच घडते.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. वक्र कडांचा, अल्ट्रासॉनिक संवेदकाचा फोन आहे. दुकानात त्यावर काळ्या किनारीची ग्लास बसवली जाते आणि घरी आल्यावर दहापैकी आठ वेळा ठसा नाकारला जातो. पडदा बंद करून खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि संवेदकाच्या जागी अंगठा दाबला, तर दाबाबरोबर तेलकट इंद्रधनुषी वलय उमटते व अंगठा उचलताच विरते. नखाने टिचकी मारली तर मध्ये पोकळ आणि कडेला भरीव आवाज येतो. हवेच्या थराची ही खूण. खात्रीसाठी ग्लास काढावी, पडदा पुसावा आणि उघड्या पडद्यावर तोच अंगठा ठेवून पाहावा. फोन लगेच उघडला तर संवेदक धडधाकट आहे, दोष ग्लासचा. इथे ठसा पुन्हा नोंदवून काही साधत नाही, कारण लहरच वर येत नाही. तरी बरेच लोक नेमके तेच करत बसतात.

अशा फोनला तीन गोष्टी चालतात. पातळ लवचीक फिल्म पूर्ण चिकटते आणि ठशाला सर्वांत कमी त्रास देते, मात्र फोन आपटला तर पडद्याचा बचाव फारसा करत नाही. पूर्ण पृष्ठभागावर गोंद असलेली ग्लास सपाट पडद्यावर बरी चालते. गोंदाचा थर जाड असेल तर ठसा ओळखणे मंद होते. तिसरी यूव्ही ग्लास: तिच्यात पातळ द्रव गोंद पडद्यावर पसरवून अतिनील दिव्याखाली घट्ट करतात, हवा उरत नाही आणि ठसा चांगला लागतो. पण तो द्रव कानाजवळच्या स्पीकरच्या जाळीत किंवा बटणांच्या फटीत उतरला तर नुकसान कायमचे. दुकानदार जाळी आणि बटणे पट्टीने झाकून घेत नसेल तर ती बसवून घेऊ नये.

ऑप्टिकल फोनचे गणित वेगळे आहे. तिथे साधी पारदर्शक ग्लास, साधारण 0.33 मिलिमीटरची, सहसा अडचण करत नाही. अडवते ती प्रायव्हसी ग्लास. तिच्यातल्या सूक्ष्म उभ्या पट्ट्या तिरका उजेड रोखतात, आणि ठशाच्या प्रतिमेलाही तो उजेड लागतो. मॅट ग्लासचा खरखरीत पृष्ठभाग उजेड विखरून प्रतिमा पुसट करतो. संवेदकाच्या जागेवर अडकलेला एखादा बुडबुडा किंवा धुळीचा कण इथे पुरेसा ठरतो, तोच कण दोन बोटे वर असता तर त्रास झाला नसता.

स्वच्छतेचा भाग छोटा आहे. मायक्रोफायबर कापड 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर करून संवेदकाची जागा पुसावी. द्रव थेट पडद्यावर ओतू नये. बोटही तपासावे. भांडी घासून सुरकुतलेले, हिवाळ्यात कोरडे पडलेले किंवा सिमेंट-चुन्याच्या कामाने झिजलेले बोट उघड्या पडद्यावरही नीट लागत नाही. तिथे ग्लासला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरे, कमी झिजणारे बोट नोंदवणे बरे.

पुन्हा नोंदणी करायची ती ग्लास बसवल्यावर, आणि गोंद पूर्ण बसून बुडबुडे गेल्यावर. जुना ठसा उघड्या पडद्यावरचा असतो. नव्या थरातून दिसणारी प्रतिमा त्याच्याशी पुरती जुळत नाही. आधी `Settings` मधील `Display` खाली `Touch sensitivity` सारखा पर्याय असल्यास चालू करावा, मग जुने ठसे काढून नवे घ्यावेत. फोन हातात जसा धरतो तसाच धरून, अंगठ्याच्या मध्यभागाबरोबर कडा व टोकही द्यावे. ठसे काढण्यापूर्वी फोनचा पिन आणि बँकेच्या ॲपचा एमपिन आठवतो ना, हे पाहावे: नवा ठसा जोडला की अनेक बँक ॲप सुरक्षेसाठी जुनी ठसा-परवानगी रद्द करतात आणि पासवर्ड मागतात.

यानंतर एक चाचणी टाळू नये. न नोंदवलेले बोट, शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाचे, ठेवून पाहावे. ऑक्टोबर 2019 मध्ये गॅलेक्सी एस10 आणि नोट10 वर काही सिलिकॉन कव्हरांच्या आतल्या बाजूचा नक्षीदार पोतच ठसा म्हणून ओळखला जात होता, आणि फोन कोणाच्याही बोटाने उघडत होता. सॅमसंगने अशी कव्हरे काढून सर्व ठसे पुसून नव्याने नोंदवायला सांगितले आणि नंतर सॉफ्टवेअरची दुरुस्ती दिली. परके बोट चालले तर ते आवरण तत्काळ काढावे, आणि त्यावर घेतलेले ठसेही पुसावेत.

ग्लास काढूनही ठसा लागत नसेल तर पडदा पूर्वी बदललेला आहे का हे विचारावे. ऑप्टिकल संवेदकाला खालपर्यंत उजेड जाऊ देणारा ओलेड पडदा लागतो. स्वस्त पर्याय म्हणून बसवलेल्या एलसीडी पडद्यामागे बॅकलाइटचा अपारदर्शक थर असतो, त्यामुळे संवेदक शाबूत असूनही आंधळा होतो. मूळ पडदा बसवला तरी काही फोनमध्ये संवेदकाचे कॅलिब्रेशन सेवा केंद्रातील सॉफ्टवेअरनेच करावे लागते. तिथे कोणतीही ग्लास बदलून उपयोग होत नाही.