वाघ दिसला नाही? मग वानरांचं पुस्तक वाचा

आमच्या कळंबला वानरांचं कुणाला कौतुक नसतं. त्यामुळे नागझिऱ्याच्या सफारीतही मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. वाघ काही दिसला नाही. घरी आल्यावर व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ वाचलं आणि कळलं, बघायचं तेच राहून गेलं होतं.

१९८२ साली आलेली ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळ्यांची आहे. बाहेरचा नर म्होरक्याला हाकलतो आणि त्याची तान्ही पिल्लं मारतो. का? पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी सहसा माजावर येत नाही. ते गेलं की लवकर येते, आणि नव्या नराचा वंश सुरू होतो. अशा पिल्लं मारण्याच्या नोंदी संशोधकांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळ केल्या होत्या.

वाघांतही हे घडतं. शिकाऱ्यांनी एक मोठा नर मारला, तर त्याच्या जागी येणारा नर मागे राहिलेली पिल्लंही मारू शकतो. म्हणजे गोळी एक, पण नुकसान एका वाघाचं नाही.

अर्थात ही कादंबरी आहे, संशोधकाची नोंदवही नाही. इथल्या वानरांना नावंसुद्धा आहेत. तरी आधी हीच वाचा, मग माडगूळकरांचंच ‘नागझिरा’. पुढच्या सफारीत जीप वानरांपाशी थांबवायला तुम्हीच सांगाल.