४५० की 840? मराठी विज्ञानातल्या आकड्यांची गोष्ट

आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला जास्त बरा आहे, कारण आज जो घोळ सांगणार आहे तो कानाला कळतच नाही. "चारशे पन्नास" असं मी म्हटलं की तुम्हाला नेमकं कळतं. तेच मी लिहिलं की दोन रूपं होतात: ४५० आणि 450. आता पहिल्या रूपाकडे जरा डोळे बारीक करून बघा. ४ हा इंग्रजी 8 सारखा दिसतोय का? आणि ५ हा इंग्रजी 4 सारखा? म्हणजे ४५० कडे घाईत बघितलं तर 840 दिसू शकतं.

मी विज्ञानाच्या मजकुराची मराठी भाषांतरं तपासतो, म्हणून हा आकडा मुद्दाम निवडलाय. एक किलो लोखंड एक अंशाने तापवायला साधारण ४५० ज्यूल उष्णता लागते. याला लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. समजा भाषांतरात डाव्या पानावर धातूंचं कोष्टक आहे, सगळे आकडे देवनागरी. उजव्या पानावर सूत्र आहे, तिथे सगळं रोमन:

Q = m × c × ΔT

गणित असं आहे: दोन किलो लोखंड दहा अंशांनी तापवायचं, उष्णता किती? बरोबर उत्तर 2 × 450 × 10 = 9000 ज्यूल. पण मुलगी सेमी इंग्रजीतली आहे. गेली तीन-चार वर्षं तिने गणितात फक्त 1, 2, 3 पाहिलेत. ती कोष्टकातून c उचलते, वहीत 840 उतरवते, आणि उत्तर येतं 16800. पुढची सगळी आकडेमोड बरोबर. गंमत म्हणजे तपासणाऱ्यालाही हे चटकन खटकत नाही, कारण ॲल्युमिनियमचा आकडा ९००च्या आसपास असतो. एखाद्या धातूसाठी 840 काही अशक्य नाही.

अशी चूक ओळखायची कशी? दशांशचिन्ह सरकलं की उत्तर दहापट किंवा शंभरपट चुकतं. एकक चुकलं तर बहुतेक वेळा हजारपट. पण उत्तर जर १.८७ पट वगैरे विचित्र पटीत चुकलं असेल, तर मी आधी कोष्टकातले ४, ५ आणि १ शोधतो. (१ चा 9 होतो, हा त्यातला सगळ्यात मोठा चोर.) २ आणि ३ कधीच त्रास देत नाहीत, ते दोन्हीकडे जवळजवळ सारखेच दिसतात.

आता प्रश्न असा, की कोष्टक एका लिपीत आणि सूत्र दुसऱ्या लिपीत ही वाटणी आली कुठून? त्यासाठी १८६० सालात जाऊ.

त्या साली पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक काढलं. छत्रे म्हणजे टिळकांचे गणिताचे गुरू. ग्रह आकाशात कधी कुठे असेल हे काढायची ही कोष्टकं, आणि त्यांचा आधार होता विन्स या इंग्रज प्राध्यापकाच्या खगोलशास्त्राच्या ग्रंथाचा. म्हणजे युरोपातलं गणित मराठी वाचकाच्या हातात. आकडे अर्थातच देवनागरी, आणि तिथे ते चपखल बसले. का? कारण ते पुस्तक वापरणारा होता पंचांगकर्ता. त्याला कोन हवा होता तो राशी, अंश, कला, विकला असा. कोष्टकातून एक आकडा काढायचा, दुसरा काढायचा, बेरीज-वजाबाकी करायची, आणि उत्तर पंचांगात लिहायचं, तेही देवनागरीतच. पुढे छत्र्यांनी पटवर्धनी पंचांग सुरू केलं. आकडा पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकाच लिपीत राहायचा. त्याला वाटेत कुठे c किंवा ΔT भेटतच नव्हते.

माझ्या मते हाच खरा मुद्दा आहे. देवनागरी अंक विज्ञानाला चालत नाहीत असं काही नाही. छत्र्यांचं चाललंच की. अडचण येते ती एका लिपीतून दुसरीत उडी मारताना.

ती उडी कुठून आली? स्वतंत्र भारतात अंकांवरून मोठं भांडण झालं, हे आपल्याला शाळेत फारसं सांगत नाहीत. संविधान सभेत हिंदी राजभाषा व्हावी की नाही यावर वाद होताच, पण त्याच्या पोटात दुसरा वाद होता: अंक कोणते? पुरुषोत्तमदास टंडन यांच्यासारखे हिंदीचे आग्रही म्हणत होते, लिपी देवनागरी तर अंकही देवनागरी. दक्षिणेकडच्या सभासदांना ते मान्य नव्हतं. त्यांच्याकडे हिशेबात 1, 2, 3 रुळले होते, आणि नवी भाषा शिकायची त्यात अंकही नवे, हे त्यांना जाचक वाटत होतं. शेवटी मुन्शी-अय्यंगार सूत्र नावाची तडजोड झाली आणि १४ सप्टेंबर १९४९ रोजी ती मंजूर झाली. आज संविधानाच्या ३४३व्या कलमात बघा: संघराज्याची राजभाषा हिंदी, लिपी देवनागरी, पण अंक "भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप".

शब्दरचना किती हुशार आहे बघा. इंग्रजी अंक नाही म्हटलं, अरबी अंकही नाही म्हटलं. भारतीय अंकच, फक्त जग फिरून आलेले. आणि हे नुसतं मन राखायला म्हटलेलं नाही. आपल्या जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, त्यात यज्ञात दिलेल्या दानांचे आकडे ब्राह्मी अंकांत कोरलेत. ४ आणि 4, ७ आणि 7 ही सगळी त्याच ब्राह्मी घराण्यातली भावंडं. एक भाऊ इथेच राहिला, दुसरा अरबांबरोबर युरोपात गेला. त्यामुळे "आपले अंक विरुद्ध परके अंक" असा वाद कुणी घातला की मी त्यात पडत नाही.

कलम ३४३ केंद्रापुरतं होतं. विज्ञानापर्यंत ते पोचलं ११ वर्षांनी. २७ एप्रिल १९६०ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यात म्हटलं होतं की केंद्राच्या हिंदी प्रकाशनांत वाचक कोण आणि विषय कोणता हे बघून देवनागरी अंक सोबत वापरता येतील, पण वैज्ञानिक, तांत्रिक आणि सांख्यिकी प्रकाशनांत सरसकट आंतरराष्ट्रीय अंकच वापरावेत. पुढच्या वर्षी वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. त्याच्या तत्त्वांत अंक, चिन्हं आणि सूत्रं आंतरराष्ट्रीय ठेवायची असं ठरलं. भूमितीच्या आकृतीत बिंदूंना क, ख, ग म्हटलं तरी चालेल, पण त्रिकोणमितीत मात्र sin A, cos B असंच लिहायचं.

मराठीने यातलं अर्धं घेतलं. मराठी विश्वकोशाच्या विज्ञानाच्या नोंदी उघडा. वाक्यांत आणि मोजमापांत देवनागरी अंक, रासायनिक सूत्रात मात्र रोमन अक्षरं आणि त्यांचे रोमन अंक, H₂O, CO₂. गणिताच्या नोंदीत पुन्हा क्ष आणि य. याला मी गोंधळ म्हणणार नाही. घरी निवांत नोंद वाचणाऱ्याला "पाण्याचा उकळबिंदू १००" हेच सहज वाचता येतं, आणि तो त्या आकड्याने गणित सोडवायला बसलेला नसतो. पण हीच सवय पाठ्यपुस्तकाच्या भाषांतरात आली की ४५० चा 840 होतो.

मग फोन आले आणि नवीनच भानगड सुरू झाली. कागदावर ५ आणि 5 हे एकाच संख्येचे दोन चेहरे होते. युनिकोडमध्ये ती दोन वेगळी अक्षरं आहेत. जावास्क्रिप्टला विचारून बघा:

```
Number("450")   // 450
Number("४५०")   // NaN
```

NaN म्हणजे "ही संख्याच नाही". पायथनला हेच `int("४५०")` असं विचारलं तर तो निमूट 450 देतो. म्हणजे एकाच कोष्टकाचा एका ॲपमध्ये आलेख निघतो आणि दुसऱ्यात रिकामी चौकट येते. शिवाय सूत्रातले बारीक अंक. ₂ आणि ₄ ही तयार अक्षरं आहेत, म्हणून H₂SO₄ साध्या मेसेजमध्येही नीट जातं. देवनागरी २ चं असं खाली बसणारं अक्षर युनिकोडमध्ये नाही. वर बसणारे देवनागरी अंक आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरांसाठी! त्यांनी क्ष चा वर्ग लिहायला जाऊ नका.

तर आता भाषांतर हातात आलं की मी काय करतो? प्रत्येक कोष्टकाला एक प्रश्न विचारतो: यातला आकडा उचलून कुठल्या सूत्रात टाकायचाय का? टाकायचा असेल तर अख्खं कोष्टक आंतरराष्ट्रीय अंकांत, मथळे मात्र मराठीत. एकही चौकट मिश्र नाही, कारण एकाच रकान्यात १ आणि 9 दोन्ही आले की वाचणाऱ्याला कुठली लिपी चालू आहे हेच समजत नाही. टाकायचा नसेल, म्हणजे शेतकऱ्यासाठी एकरी खताच्या मात्रा किंवा शोधांची सालं असं काही असेल, तर देवनागरी. ते कोष्टक छत्र्यांच्या जातीचं, वाचायचं आणि तसंच वापरायचं. हाच मजकूर बघा, सालं देवनागरीत आहेत आणि सूत्रं आंतरराष्ट्रीय.

एक ठिकाण असं आहे जिथे हा नियमही पुरत नाही. अंशाचं चिन्ह ° आणि देवनागरी शून्य ०. दोन्ही गोलच, फक्त एक वर आणि बारीक. १००° नीट टाइप केलं तर फरक कळतो. पण पूर्वी अंशाचं चिन्ह कीबोर्डवर सापडत नसे, तेव्हा लोक शून्यच टाइप करून वर चढवत. तो मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की चढवलेलं शून्य खाली उतरतं आणि पाणी १००० ला उकळायला लागतं. 450 आणि 840 चा घोळ निदान लक्ष देऊन बघितलं तर सापडतो. इथे बघून काहीच कळत नाही, कारण तिथे आता खरंच शून्य आहे. म्हणून देवनागरी आकड्यापुढे मी चिन्ह वापरतच नाही, सरळ "१०० अंश से." लिहितो. जुना मजकूर तपासताना प्रत्येक तापमानाचं शेवटचं शून्य झाकून आकडा एकदा वाचतो. झाकल्यावरच तो शक्यतेत बसत असेल, तर ते शून्य नव्हतं.